सोसायटी ग्रुप: संध्याकाळी डोळे चुरचुरणं आणि कपाळ दुखणं

*सचिन, बी-४०३:* हल्ली दुपारी चारनंतर डोळे चुरचुरतात आणि भुवयांच्या वर कपाळ ठणकतं. दिवसभर लॅपटॉपच असतो. ब्लू कट चष्मा घेऊ का?

*कुलकर्णी काका, ए-१०१:* गुलाबपाणी घाल रे दोन थेंब.

*मेधा, सी-२०२:* काका, डोळ्यात गुलाबपाणी नको, ते निर्जंतुक नसतं. सचिन, ब्लू कटवर पैसे घालू नकोस. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने १७ चाचण्या तपासल्या, थकव्यात साध्या काचेपेक्षा फरक आढळला नाही. आमच्या चष्म्याच्या दुकानातही मी हेच सांगते. तुझं वय किती? आणि स्क्रीनवरून नजर उचलून समोरचं घड्याळ बघितलंस तर लगेच स्पष्ट दिसतं का?

*सचिन:* ४३. घड्याळ थोडा वेळ पुसट दिसतं, मग नीट. मोबाइलही जरा लांब धरतो. एसीचा झोत थेट तोंडावर येतो.

*मेधा:* मग तुझे त्रास दोन आहेत. चुरचुर कोरडेपणाची. स्क्रीन बघताना पापण्या कमी मिटतात, त्यातही अर्ध्याच, म्हणून अश्रूंचा थर सुकतो. एसीची झडप वळव आणि लॅपटॉप खाली घे, वरची कड नजरेच्या किंचित खाली हवी. नजर खाली असली की डोळा कमी उघडा राहतो. दर वीस मिनिटांनी लांब बघ आणि पापण्या पूर्ण मीट. यानेच पुष्कळांना आराम पडतो.

पण पुसट दिसणं आणि कपाळदुखी याने जाणार नाही. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग जवळचं पाहताना कमी फुगतं, त्याला चष्माच लागतो. आत्ता एकेक डोळा झाकून घड्याळ बघ.

*सचिन:* उजव्याने आकडे दुहेरी सावलीसारखे दिसतात. डाव्याने स्वच्छ.

*मेधा:* बहुतेक सिलिंड्रिकल नंबर आहे. तपासणी करूनच घे. जाताना डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजून ने. वाचायचा नंबर साधारण ४० सेंटीमीटरला काढतात, स्क्रीन लांब असेल तर त्याच चष्म्यातून ती पुसट दिसते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलास तर डोळ्याचा दाबही बघून घे, चाळिशीनंतर बघावाच.

*अनघा, ए-३०४:* मी मेडिकलमधून लालीचे थेंब आणते. चालतात का?

*मेधा:* नको गं. ते रक्तवाहिन्या आकसून लाली तात्पुरती घालवतात, कोरडेपणा तसाच राहतो आणि सोडले की लाली पुन्हा येते. नुसत्या कोरडेपणाला कृत्रिम अश्रूंचे थेंब पुरतात. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागले तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घे. स्टेरॉइडचे थेंब तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कधीच नाही, डोळ्याचा दाब वाढतो.

आणि डोळा लाल होऊन सणकून दुखत असेल, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसत असतील किंवा एकाएकी दिसेनासं झालं, तर चष्म्याचं दुकान नव्हे, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. रात्र असेल तर इस्पितळाचा तातडीचा विभाग.

*सचिन:* मोजलं, ६५ सेंटीमीटर भरलं. उद्या सकाळी जातो.

*मेधा:* सकाळीच जा, दिवसभर स्क्रीन बघून थकलेल्या डोळ्यांचा नंबर कधी कधी चुकतो.