ट्रेमधला मक्याचा चारा हिरव्या वैरणीची जागा घेईल का?

माणदेशी दावण (सांगोला): चार एचएफ गाई आहेत, बोअर जानेवारीतच आटतो. शेडनेट मारून ट्रेमध्ये मक्याचा चारा करायचा विचार चाललाय. एक किलो मक्याचा आठ किलो चारा होतो म्हणतात. हिरवी वैरण पूर्ण बंद करून यावर गाई जगवता येतील का?

शेडनेटवाला: बिनधास्त करा भाऊ. मी दीड वर्ष करतोय. मका बारा तास भिजवायचा, एक दिवस ओल्या गोणपाटात दाबून ठेवायचा, मोड फुटले की ट्रेमध्ये पसरायचा आणि दर दोन तासांनी फॉगर पाचेक मिनिटं. आठव्या दिवशी वीतभर हिरवा गालिचा उचलून गव्हाणीत, गाय मुळासकट खाते, काही वाया जात नाही. पाणी किलोला दोन-तीन लिटर लागतं फक्त. मक्यापेक्षा प्रोटीन वाढतं, दुधात गाईमागे अर्धा लिटर फरक मला स्वतःला दिसला.

फलटणची ताई: पाण्याचं बरोबर आहे, प्रोटीनचं अर्धंच. मोड येताना दाण्यातला स्टार्च जळतो म्हणून उरलेल्यात प्रोटीनचा टक्का जास्त दिसतो, एकूण प्रोटीन आहे तेवढंच राहतं. मी घरी मोजून बघितलं होतं. 10 किलो मका टाकला, 58 किलो चारा निघाला (आठपट कधीच आला नाही, मुळं ठिबकून घेतल्यावर साडेपाच-सहा पटच). त्यातला एक किलो सुटा करून पत्र्यावर चार दिवस कडक वाळवला, काट्यावर भरला 140 ग्रॅम. म्हणजे 58 किलोत कोरडा ऐवज आठ किलोच. दहा किलो कोरडा मका दिला आणि आठ किलो परत आला, बाकी वजन सगळं पाण्याचं.

आता पैसे. माझा मका 24 रुपयांचा होता, म्हणजे नुसत्या बियाण्याचेच ओल्या किलोला चार रुपये आणि कोरड्या किलोला तीस, वर लाईट नि मजुरी वेगळी. घरचा नेपिअर ओला दोन रुपयांत पडतो, कोरड्या हिशोबात दहा-अकरा.

आणि पोट कशानं भरणार? पंधरा लिटरच्या गाईला रोज तेराएक किलो कोरडं पोटात जायला लागतं. नुसता हा चारा म्हटला तर गाईमागे 90 किलोच्या वर, म्हणजे चार गाईंना रोज साठ-पासष्ट किलो मका भिजवायचा. शिवाय यात रवंथ करायला धागा नाही, शेण पातळ पडतं आणि फॅट खाली येते.

कोकणातला शेळीवाला: माझ्याकडे गाई नाहीत, बारा शेळ्या आहेत. पावसाळ्यात सतत बुरशी येते, तिसऱ्या दिवशी पांढरं जाळं आणि आंबूस वास. एकदा तसंच टाकलं तर दोन शेळ्या हगवणीला लागल्या. शेळ्यांना किती द्यावं?

फलटणची ताई: दादा, जाळं दिसलं की पूर्ण ट्रे उकिरड्यावर, वरचं काढून खालचं देऊ नका. आधी मका पाण्यात टाकून तरंगणारे नि फुटके दाणे काढा, फुटका दाणा उगवत नाही, तोच सडतो. थर पातळ ठेवा, ट्रेला भोकं हवीत, पाणी साचता कामा नये. पेरणीचा रंगवलेला मका कधीच वापरायचा नाही, त्याला औषध लावलेलं असतं. शेळीचा माझा अनुभव नाही.

शेडनेटवाला: ताई, तुमचा हिशोब नेपिअरला पाणी आहे असं धरून आहे. भाऊंचा बोअरच आटतो! विकत हिरवं मिळत नाही तेव्हा गाभण गाईला थोडं तरी हिरवं पोटात जातं, त्याची किंमत वाळवून कशी मोजणार?

फलटणची ताई: ते मान्य, हिरव्यातलं व्हिटॅमिन कडब्यात नाही. म्हणून गाईमागे आठ-दहा किलो द्या, पण दहा किलो म्हणजे पावणेदोन किलो मका झाला, तेवढा भरडा कमी करा. कडबा कुटी नि मुरघास मात्र पोटभर. तुमच्या अर्ध्या लिटरचं विचारते, तेव्हा भरडा कमी केला होता का?

शेडनेटवाला: नाही, खुराक होता तसाच ठेवला होता. पण गाईचं अंग चकाकतं ते मी रोज बघतोय.

माणदेशी दावण: म्हणजे पावसाळ्यात शेजाऱ्याचा मका हिरवा घेऊन मुरघास भरून ठेवावा आणि उन्हाळ्यात दोन गाभण गाईंपुरते ट्रे, असं करतो. वीसेक किलो रोज निघाला तरी बास. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा 42 च्या वर असतो, शेडनेटमध्ये गोणपाट लावून भागतं का?

शेडनेटवाला: माझा मे महिन्यात निम्मा माल आंबला, खरं सांगतो. आता उन्हाळ्यात ट्रे घरात, पडवीच्या आत ठेवतो.