मदत हवी आहे: परिषदेच्या हॅशटॅगवरच्या पोस्ट आधी तपासून मग एलईडी वॉलवर कशा दाखवाव्यात?

नवलखा_इंदूर

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत इंदूरला आमच्या फिजिओथेरपिस्टांची दोन दिवसांची परिषद आहे, साडेचारशेच्या आसपास लोक येतील. चहा-जेवणाच्या दालनात एलईडी वॉल लावायची आहे. परिषदेचा हॅशटॅग लावून लोक इन्स्टाग्राम आणि एक्सवर जे टाकतील ते तिथे दिसत राहावं, असं ठरलंय.

माझी काळजी वेगळी आहे. आमच्या कार्यशाळांत खऱ्या रुग्णांवर उपचार करून दाखवतात. तिथला फोटो कोणी टाकला आणि रुग्णाचा चेहरा किंवा एक्स-रेवरचं नाव वॉलवर झळकलं, तर नंतर काढून काय उपयोग? म्हणून आधी बघायचं आणि मगच दाखवायचं, हे नक्की. पण बघणार कोण, माणसं किती लागतील, पोस्ट किती उशिरा दिसेल, याचा अंदाज येत नाही. इथल्या दोन सेवावाल्यांना विचारलं, दोघेही "सगळं ऑटोमॅटिक आहे" एवढंच म्हणतात. कोणी हे काम केलं असेल तर सविस्तर सांगा.

सियागंज

एवढं घाबरू नका. या साधनांमध्ये शब्दांची गाळणी असते. शिव्यांची यादी टाकायची, ते शब्द असलेली पोस्ट अडते, बाकी आपोआप जातात. मराठीबरोबर हिंदी शिव्याही टाका, आणि रोमन लिपीत लोक कसकशा लिहितात तेही. आमच्या व्यापारी मेळाव्यात असंच केलं होतं, माणूस बसवायची गरज पडली नाही.

अलकापुरी_बडोदे

आमच्याकडे बडोद्याला भाचीच्या लग्नात असंच केलं होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले फोटो पेन ड्राइव्हवर घेतले आणि टीव्हीवर स्लाइड शो लावला. सगळे खूश. तुम्हीही ग्रुप करा, हॅशटॅग कशाला?

लष्कर_ग्वाल्हेर

मी संमेलनांच्या पडद्यांचं काम करतो, त्यामुळे जरा लांब लिहितो.

सियागंज, गाळणी हवीच, पण ती मजकूर वाचते. नवलखाताईंचा धोका फोटोत आहे. "आजची सुंदर कार्यशाळा" असा मजकूर आणि खाली रुग्णाचा चेहरा, अशी पोस्ट गाळणीतून सरळ निघून जाईल. म्हणून गाळणीने पोस्ट फक्त मागे-पुढे लावाव्यात, मंजुरी माणसानेच द्यावी. साधनात "मंजुरीशिवाय काहीही दाखवू नये" हा पर्याय चालू आहे का, ते स्वतःच्या खात्यावरून पोस्ट टाकून बघा. पुष्कळदा तो मुळात बंद असतो.

ताई, आता माणसांचा हिशेब. एक पोस्ट वॉलवर १२ सेकंद ठेवली तर मिनिटाला ५ होतात, अर्ध्या तासाच्या चहात १५० जागा. साडेचारशे लोकांत तेवढ्या वेळात ४० पोस्ट आल्या तरी भरपूर म्हणायच्या, म्हणजे प्रत्येक पोस्ट तीन-चारदा फिरेल. साधी पोस्ट तपासायला २० सेकंद धरले तर ४० पोस्टना साधारण १३ मिनिटं. एक माणूस पुरतो. दुसरा लागतो तो संशयाच्या पोस्टसाठी, आणि तो तुमच्या विषयातला हवा. "हा रुग्ण आहे की नमुना म्हणून बसलेला विद्यार्थी" हे माझ्यासारख्याला कळणार नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे: तपासणारा लॅपटॉपवर बोटभर चित्र बघून मंजूर करतो. त्या चित्रात एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव वाचता येत नाही, वॉलवर तेच हातभर होतं. म्हणून प्रत्येक फोटो पूर्ण उघडून चारही कोपरे बघायचे. एका पोस्टमध्ये अनेक फोटो असतील तर शेवटपर्यंत सरकवायचं. काही साधनं रांगेत पहिलाच फोटो दाखवतात आणि वॉलवर मात्र सगळे फिरवतात. व्हिडिओ पहिल्या वर्षी बंदच ठेवा. अख्खा बघायला वेळ लागतो आणि रुग्ण नेमका शेवटच्या दोन सेकंदांत येतो.

नवलखा_इंदूर

मनापासून आभार, कोपऱ्यांचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. सियागंज, रोमन लिपीतल्या शब्दांची सूचनाही घेते. अलकापुरी, ग्रुपवर फोटो टाकणाऱ्याने ते वॉलसाठी दिलेले नसतात, म्हणून तो मार्ग नको वाटतो.

अजून दोन गोष्टी विचारते. पोस्ट टाकल्यावर वॉलवर यायला किती वेळ? आणि कोणी "माझी पोस्ट आलीच नाही" म्हणालं तर काय सांगायचं?

लष्कर_ग्वाल्हेर

वेळ दोन ठिकाणी जातो. साधन ठरावीक अंतराने विचारत असतं, नवीन काय आलं. ते अंतर सेवावाल्याकडून लेखी घ्या. त्यावर तुमच्या तपासणीचा वेळ. त्यामुळे "लगेच दिसेल" असं फलकावर लिहू नका.

न येण्याची कारणं बहुतेक ठरलेली असतात. इन्स्टाग्रामवर खातं खाजगी असेल तर हॅशटॅगच्या शोधात पोस्ट येत नाही. स्टोरीही येत नाही, आणि लोक तर स्टोरीच जास्त टाकतात. शिवाय इन्स्टाग्रामच्या त्या शोधात, `recent_media` नावाने जो मिळतो, फक्त मागच्या २४ तासांतल्या पोस्ट येतात, आणि पोस्ट टाकणाऱ्याचं नाव येत नाही. कोणी टाकली हे बघायला दुवा उघडावा लागतो. एक्सवर शोधाचे पैसे पडतात, ते दरपत्रकात धरलेत का विचारा.

आणि हॅशटॅग देवनागरीत ठेवलात तर #फिजिओइंदूर आणि #फिजिओइंदौर हे दोन वेगळे हॅशटॅग होतात. इंदूरमध्ये दोन्ही लिहिणारे भेटतील. दोन्ही रूपं आणि एक रोमन रूप साधनात घालून ठेवा. मध्ये जागा किंवा जोडरेघ नको, हॅशटॅग तिथेच तुटतो.

माझं मत विचाराल तर शेजारी क्यूआर कोड लावा आणि त्यातून थेट फोटो पाठवायचा साधा फॉर्म ठेवा. खाजगी खातंवाले, खातंच नसलेले, सगळे त्यातून येतात, आणि "फोटोतल्यांची संमती आहे" ही खूणही तिथे मागता येते. रांग मात्र तीच, तपासणीही तीच.

सियागंज

गाळणीचं पटलं. आमच्याकडे फोटो दुकानांचेच होते, म्हणून निभावलं. वॉल केवढी आहे तेही सांगा, मजकूर वाचता आला पाहिजे.

नवलखा_इंदूर

४ मीटर रुंद, अडीच मीटर उंच. मंडपवाले ३.९ मिमीची म्हणाले.

लष्कर_ग्वाल्हेर

ती अर्ध्या मीटरच्या पेट्यांची असेल, एका पेटीत १२८ ठिपके. म्हणजे पूर्ण वॉल १०२४ बाय ६४० ठिपक्यांची. लांबून मोठी दिसते, पण फोनपेक्षा कमी ठिपके आहेत. एका वेळी सहा पोस्टचं जाळं लावलंत तर वेलांट्या-रफार मिसळून जातील. एक मोठी पोस्ट, फार तर दोन.

अजून एक: वॉलला जोडलेल्या लॅपटॉपवर तपासणी करू नका. पडदा चुकून "डुप्लिकेट" झाला की तुमची नामंजूर रांगच लोकांसमोर. दोन वेगळे लॅपटॉप घ्या.

कृष्णपुरा

एक विचारू? "हॉलमध्ये एसी चालत नाही, व्यवस्था वाईट" अशी पोस्ट आली तर अडवायची का? आमच्या संस्थेत यावर बराच वाद झाला होता.

लष्कर_ग्वाल्हेर

मी अडवत नाही, आयोजकांना कळवतो आणि लावतो. पण बरेच आयोजक ऐकत नाहीत.

कृष्णपुरा

मला नाही पटत. पाहुणे समोर असताना तक्रार पडद्यावर कशाला? त्या माणसाला भेटून सोडवा. मात्र अडवायचं असेल तर नियम आधी जाहीर हवा.

नवलखा_इंदूर

हे समितीपुढे ठेवते, माझ्याही मनात पक्कं नाही. आणि मंजूर केलेली पोस्ट टाकणाऱ्याने नंतर डिलीट केली तर ती वॉलवरून जाते का?

लष्कर_ग्वाल्हेर

साधनाने स्वतःकडे प्रत ठेवली असेल तर जात नाही. आदल्या दिवशी एक पोस्ट टाका, मंजूर करा, मूळ डिलीट करा आणि वॉलकडे बघत थांबा. गेली नाही तर हाताने काढायचं बटण कुठे आहे ते तपासणाऱ्या दोघांनाही दाखवून ठेवा.