धाराविद्युत, 24 मुले आणि 3 टॅबलेट: टाचण कसे बदलावे?

शिक्षिका, चिमूर तालुका
आठवीत 24 मुले आहेत, चालू स्थितीतले टॅबलेट 3 आहेत आणि रेंज शाळेमागच्या बांधावर गेल्याशिवाय मिळत नाही. विद्युत परिपथाचा तास टॅबलेटवर घ्यायचा असेल तर टाचण कसे बदलावे, की तो नादच सोडावा?

निवृत्त विज्ञान शिक्षक, वर्धा
नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन सेल, दोन टॉर्चचे बल्ब आणि वायरचे तुकडे हातात असताना काचेवरचा बल्ब पेटवून मुलाला काय मिळणार?

केंद्रातील तंत्रस्नेही शिक्षक, उमरेड
सर, एकसर जोडणीत नेमकी अडचण येते. बाजारातले दोन बल्ब सारखे नसतात, त्यामुळे एक झगझगीत पेटतो, दुसरा जेमतेम लाल होतो आणि "पहिल्या बल्बाने करंट खाल्ला" असे मुले वहीत लिहून मोकळी होतात. टॅबलेटवर दोन्ही बल्ब सारखेच असतात, म्हणून तो गैरसमज तिथे तपासता येतो.

मॅडम, मी 35 मिनिटांची तासिका अशी वाटतो: पहिल्या 5 मिनिटांत प्रत्येकाने "एक बल्ब काढला तर दुसऱ्याचे काय होईल" याचा अंदाज एकसर आणि समांतर अशा दोन्ही जोडण्यांसाठी लिहायचा. मग 12 मुले चार-चारच्या गटात टॅबलेटवर आणि 12 खऱ्या सेलवर बसतात, 12 मिनिटांनी जागा बदलतात आणि उरलेल्या 6 मिनिटांत अंदाज पडताळतात. टॅबलेट एकाच्याच हातात राहतो, म्हणून बोट लावणारा दर 3 मिनिटांनी बदलावा.

सहशिक्षक, आर्वी
एवढे कशाला? दीक्षा ॲपवर व्हिडिओ आधी उतरवून ठेवला की नेटचा प्रश्न संपला.

तंत्रस्नेही शिक्षक, उमरेड
नेटचा संपतो, पण व्हिडिओत मुलाला बल्ब काढून पाहता येत नाही. फेट या संकेतस्थळावरचे परिपथाचे सिम्युलेशन `.html` फाइल म्हणून उतरवता येते. ते बांधावर एकदाच उतरवावे, मेमरी कार्डाने तिन्ही टॅबलेटवर टाकावे आणि आदल्या दिवशी विमान मोड लावून क्रोममध्ये उघडून पाहावे. फाइल दुसऱ्याच व्ह्यूअरमध्ये उघडली तर पडदा कोरा राहतो, आणि ते तासाला कळले तर तास गेला.

शिक्षिका, धारणी
आमची दोनशिक्षकी शाळा आहे आणि वर्ग पाचवीपर्यंतच आहेत. मुले घरी कोरकू बोलतात, त्यामुळे व्हिडिओतले निवेदन त्यांच्या डोक्यावरून जायचे. मी आवाज बंद केला आणि मुलांनाच सांगायला लावले, तेव्हा वर्ग बोलू लागला.

निवृत्त विज्ञान शिक्षक, वर्धा
उमरेडच्या सरांनी सांगितलेला गैरसमज मीही पाहिला आहे. मात्र त्याच दोन बल्बांची जागा बदलून पाहा: जो झगझगीत होता तो दुसऱ्या जागीही तसाच पेटतो आणि करंट कोणी खाल्ला नाही हे मुलाला स्वतःच उमगते. माझा विरोध कायम आहे, पण ही अदलाबदल टाचणात अवश्य घ्यावी.

शिक्षिका, चिमूर तालुका
सोमवारी दोन्ही करून पाहते. सेल मात्र प्रत्येक गटाला नवे लागतील, कारण गेल्या वर्षी उतरलेल्या सेलमुळे समांतर जोडणीतही बल्ब मंदच राहिले होते.