मदत हवी आहे: रिसीव्हरमधून प्रोजेक्टरला दिलेलं चित्र मध्येच जातं

कन्सोल एव्ही रिसीव्हरच्या ४० जीबीपीएसच्या एचडीएमआय इनपुटला जोडलाय. एका आउटपुटवर टीव्ही, दोन मीटरची केबल. तिथे ४के १२० हर्ट्झ निवांत चालतं. दुसऱ्यावर प्रोजेक्टर (एचडीएमआय २.०), छतातल्या पाइपमधून दहा मीटरची तांब्याची केबल. तिथे ४के ६० हर्ट्झ एचडीआर लावलं की पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो, मग चित्र आपोआप परत येतं. १०८०पीवर काहीच त्रास नाही. कन्सोलमध्ये ४:२:० निवडलं तरी चित्र टिकतं, म्हणून माझा संशय केबलवरच आहे.

सीईसी बंद करून झालं, रिसीव्हरचं फर्मवेअर नवं टाकलं, टीव्ही बंद ठेवून फक्त दुसरं आउटपुट चालवलं. फरक शून्य. दोन्ही आउटपुट एकदम चालू ठेवले तर रिसीव्हर दोघांना झेपेल तेवढाच सिग्नल देतो, पण मला एका वेळी एकच पडदा लागतो.

भिंत फोडणं शक्य नाही आणि पाइपला दोन वळणं आहेत, नेहमीचा एचडीएमआय प्लग त्यातून जात नाही. टोक सुटं होणारी ऑप्टिकल एचडीएमआय केबल अशा वळणांतून कुणी ओढली आहे का? आणि प्रोजेक्टर २.० असताना १८ जीबीपीएसची पुरेल, की आत्ताच ४८ ची टाकावी?