मदत हवी आहे: ईसीआर पासपोर्टवर दुबई, मुंबई टी-२ ला किती आधी पोहोचावं?

आई-बाबा पुढच्या महिन्यात महिनाभरासाठी दुबईला ताईकडे चाललेत. विमान पहाटे ४:१० चं. बाबांचं वय ५७, पण पासपोर्ट ४९ व्या वर्षी काढलेला आणि दहावी झालेली नसल्यामुळे त्यावर ईसीआरचा शिक्का आहे. पन्नाशीनंतर तो काढून मिळतो हे आता कळलं. नवा पासपोर्ट करायला वेळ नाही.

नोकरीसाठी जात नसल्याने एमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही, एवढं वाचलंय. बाहेर जाताना भरायचं कार्डही जुलै २०१७ पासून बंद आहे. व्हिजिट व्हिसा, परतीचं तिकीट, ताईचं निमंत्रणपत्र आणि तिच्या एमिरेट्स आयडीची प्रत, सगळ्याच्या प्रिंट बरोबर देतोय. व्हीलचेअर नको, फास्ट ट्रॅकची नोंदणी नाही. बाबांना हिंदी येतं, पण साहेब समोर आला की ते गडबडतात.

नाशिकहून गाडीने रात्री साडेबाराला पोहोचतील. चेक-इन काउंटर तास-सव्वा तास आधी बंद होतो, आणि इमिग्रेशननंतर सुरक्षा तपासणीची रांग उरतेच. ईसीआरवाल्यांना बाजूला बोलावून चौकशी झाली, तर तुमच्या अनुभवात किती वेळ गेला, नेमकं काय विचारलं, आणि साडेबारा पुरेल की अकरालाच पोहोचवू?