प्रतिसाद: स्वयंपाकाला टायमर, धावण्याला स्टॉपवॉच

«एकाच फोनवर दोन टायमर लावता येतात का? आणि भरतीच्या १६०० मीटरच्या सरावाला टायमर बरा की स्टॉपवॉच?»

अँड्रॉइडवरील गूगलच्या क्लॉक अ‍ॅपमध्ये पहिला टायमर चालू असताना अधिकचे चिन्ह दाबून दुसरा लावता येतो. आयफोनवर ही सोय आयओएस १७ पासून आहे. प्रत्येकाला 'वरण', 'भात' असे नाव अवश्य द्यावे, कारण आवाज सारखाच असल्यास कोणता वाजला हे नावावरूनच कळते. कुकरचा टायमर मात्र गॅस पेटवताना नव्हे, पहिली शिट्टी होऊन आंच मंद केल्यावर सुरू करावा. पाणी तापायला लागणारा वेळ दररोज सारखा नसतो.

धावण्यासाठी स्टॉपवॉचच घ्यावे. मैदान ४०० मीटरचे असेल तर चार फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीअंती 'लॅप' दाबल्यास त्या फेरीचा आणि एकूण असे दोन्ही वेळ नोंदले जातात. सहा मिनिटांचे लक्ष्य असताना फेरीला ९० सेकंद हवेत. नोंद ८०, ८८, ९७, ९५ अशी आली, तर एकूण वेळ बरोबर सहा मिनिटे भरूनही सुरुवात फाजील वेगाने झाली हे स्पष्ट दिसते. घामेजल्या बोटाने बटण चुकते, म्हणून फोन काठावरच्या सोबत्याकडे द्यावा.