प्रतिसाद: व्हिनेगरनंतर पुन्हा येणारा गंज

>> कात्री रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, गंज गेला, पण दोन दिवसांत परत तांबूस झाली.

रात्रभर फार झालं. गंज सुटल्यावर आम्ल चांगल्या पोलादालाही खातं, पातं करडं, मंद दिसतं. अर्धा-पाऊण तास पुरे, मग भांड्याच्या तारेच्या घासणीने हलकेच घासायचं. गंज परत येतो तो खिळ्याच्या फटीत राहिलेल्या आम्लामुळे. म्हणून ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून कात्री त्यात उघड-मीट करायची, धुवायची, पुसायची आणि पंख्याखाली उघडी ठेवायची. ऐरोलीत खाडीजवळ राहतो, पावसाळ्यात नुसतं पुसून भागत नाही. शेवटी खिळ्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब. शेंगदाणा तेल काही आठवड्यांत चिकट होतं, ते नको.

धारेबद्दल वर कुणी दोन्ही बाजू दगडावर घासायला सांगितलंय, ते सुरीला ठीक. कात्रीची फक्त बाहेरची तिरकी कडच घासायची. आतली सपाट बाजू गोलसर झाली की पाती एकमेकांना टेकत नाहीत आणि कापड कापलं न जाता मध्ये दुमडतं. घासल्यावर आतल्या बाजूला वळलेली बारीक खरखरीत कड दगडावर पातं सपाट ठेवून एकदाच हलकेच काढायची. दारावर येणारा धारवालाही बऱ्याचदा आतूनच चाक लावतो, त्याला आधीच सांगावं.